नॉर्मलायझेशनला मराठीत काय म्हणता? (व्हिएतनामी फाइलीवरून)

शेवंती: पंपाच्या माहितीपुस्तिकेचं व्हिएतनामी भाषांतर तपासतेय. मला ती भाषा येत नाही, फक्त शब्दसूचीतले शब्द मजकुरात तसेच आलेत का ते बघायचं. व्होल्टेजचा शब्द `Điện áp` डोळ्यांसमोर दिसतोय, पण शोधला की सापडत नाही. मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवला तर `ệ` खालचा ठिपका शेजारच्या अक्षराखाली जातो. भाषांतरकार म्हणतात, नॉर्मलायझेशन करा. टीमसाठी मराठीत सूचना लिहायची आहे. सामान्यीकरण लिहू की प्रमाणीकरण?

खडूफळा: प्रमाणीकरण. जोडाक्षरांचा घोळ दिसतोय, फॉन्ट बदलून बघा.

नाखवा: जोडाक्षराचा इथे संबंध नाही. फॉन्ट बदलून ठिपका कदाचित जागेवर येईल, पण शोध तसाच फसेल. व्हिएतनामीत `ê` हा वेगळा स्वर आहे आणि खालचा ठिपका म्हणजे त्याचा सूर. दोन्ही मिळून एक अक्षर होतं, पण युनिकोडच्या क्रमांकांत ते तीन तऱ्हांनी साठवलेलं असू शकतं:

```
1EC7
00EA 0323
0065 0323 0302
```

पहिल्यात सगळं एकाच क्रमांकात आहे. दुसऱ्यात टोपीवाला `ê` आयता आणि ठिपका सुटा. विंडोजचा स्वतःचा जुना व्हिएतनामी कीबोर्ड सूर असाच सुटा टाकतो. तिसऱ्यात सगळंच सुटं, आणि ठिपका टोपीच्या आधी, कारण खालच्या खुणा आधी लावायचा नियम आहे. पडद्यावर तिन्ही सहसा सारखीच दिसतात. शेवंतीताई, दोन्ही फाइलींत `=LEN(A2)` करून बघा. `Điện áp` ची लांबी 7 आली तर आयतं, 9 आली तर अर्धवट, 10 आली तर पूर्ण सुटं.

शेवंती: शब्दसूचीत 7, मजकुरात 9! दोन तास मी उगाच शुद्धलेखन तपासत बसले होते.

मोगरा: हे मॅकमुळे होतं. मॅक सगळं सुटं करून ठेवतो.

नाखवा: अर्धं बरोबर. मॅकची जुनी फाइलव्यवस्था *फाइलींची नावं* सुटी करून ठेवायची. फाइलीच्या आतल्या मजकुराला ती हात लावत नाही. आणि मॅकमुळे असतं तर 10 आले असते, 9 नाही.

आता शब्दाचं. सामान्यीकरण म्हटलं की 'सगळे असेच असतात' छापाचं विधान आठवतं. प्रमाणीकरण म्हटलं की प्रमाणपत्र. मी 'एकरूपीकरण' लिहितो, कारण वेगवेगळ्या तऱ्हांनी साठवलेलं अक्षर एकाच रूपात आणायचं असतं. व्हिएतनामी लोकांकडे दोन रूपांना साधे शब्द आहेत: एकत्र साठवलेल्याला `dựng sẵn`, म्हणजे आधीच उभं केलेलं, आणि सुट्याला `tổ hợp`, म्हणजे जुळवणी. युनिकी या त्यांच्या टंकलेखनाच्या प्रोग्रॅममध्ये `Unicode tổ hợp` हा पर्यायच आहे. भाषांतरकाराने तो चुकून निवडला नाही ना, तेही विचारा.

मोगरा: मग 'आयतं' आणि 'जुळवलेलं' म्हणू या की. 'संयुक्त' मात्र नको, खडूफळांचा गोंधळ त्यानेच झाला असता.

खडूफळा: झालाच होता.

वेताळटेकडी: आमच्याकडे 'दऱ्या' शोधताना हेच होतं. एका लेखकाचं सापडतं, दुसऱ्याचं नाही. एकरूपीकरणाने सुटेल का?

नाखवा: दुर्दैवाने नाही. ऱ आणि 'र अधिक नुक्ता' हे युनिकोडच्या लेखी एकच आहेत, ते जुळतील. पण बरेच जण अर्ध्या र साठी 'र, हलन्त, अदृश्य जोडणी, य' टाइप करतात. ते दिसायला तेच, पण युनिकोड त्याला वेगळं मानतं. तिथे स्वतःच शोधा-बदला करावं लागतं.

शेवंती: मजकुराची साधी फाइल काढून, सगळं आयत्या रूपात आणायला हे चालवलं:

```python
import unicodedata
s = unicodedata.normalize("NFC", s)
```

जवळपास सगळं जुळलं. तीन ओळी अडल्यात. त्यांत लांबी 7च येते, तरीही शब्द जुळत नाही!

नाखवा: पहिलं अक्षर बघा. `=UNICODE(A2)` काय देतंय? 272 हवं.

शेवंती: 208.

नाखवा: तो आइसलँडचा `Ð`. मोठ्या लिपीत हुबेहूब व्हिएतनामी `Đ` सारखा दिसतो, पण लहान केला की `ð` होतो, `đ` नाही. ही दोन अक्षरं मुळातच वेगळी, त्यामुळे एकरूपीकरण त्यांना हात लावणार नाही. बदलून घ्या, पण आधी भाषांतरकाराला दाखवा. आणि `hòa` व `hoà` अशी जोडी दिसली तर तीही आपोआप एक होणार नाही. सुराची खूण कुठल्या स्वरावर द्यायची याच्या त्या जुन्या-नव्या पद्धती आहेत.

मोगरा: म्हणजे तो शुद्धलेखनाचा वाद. तिथे 'प्रमाणीकरण' चालेल.

शेवंती: सूचनेत सध्या 'एकरूपीकरण (नॉर्मलायझेशन)' लिहिलंय. साहेबांनी त्यावर 'म्हणजे काय?' असा शेरा मारून परत पाठवलंय.