मदत हवी आहे: असिस्टंटशिप मिळाली, आता कर्जाची फाईल मागे घेऊ का?

सांगलीकर_मेक: अमेरिकेत एमएसला टीचिंग असिस्टंटशिप मिळाली. पत्रात ट्यूशन वेव्हर आणि स्टायपेंड लिहिलंय. बाबा म्हणतात, मग विश्रामबागचं घर गहाण कशाला ठेवायचं? सोमवारी बँकेत सांगायचंय. फाईल काढू ना? लवकर सांगा.

कृष्णाकाठ: आठवड्याला किती तास? वेव्हर पूर्ण की अर्धा? मुख्य तेच लिहिलं नाहीस.

वाईकर: एमएसला असलं काही मिळत नाही, ते पीएचडीवाल्यांना. पत्र खरं आहे का बघ आधी.

कृष्णाकाठ: वाईकर, पीएचडीला आधी देतात हे खरं, पण उरलेल्या जागा एमएसवाल्यांना मिळतात. मी स्वतः दोन वर्षं लॅब घेतली, पेपर तपासले.

सांगलीकर_मेक: १० तास. महिना ११०० डॉलर, नऊ महिने. वेव्हर "नॉन-रेसिडेंट भागापुरता". ट्यूशन वर्षाला २४,०००, त्यातली रेसिडेंट फी १०,०००.

कृष्णाकाठ: मग फाईल अजिबात काढू नकोस. तुझे १४,००० माफ झाले, १०,००० तुलाच भरायचे आहेत. वेव्हरमध्ये बहुतेक वेळा युनिव्हर्सिटीची इतर फी आणि आरोग्य विमा धरत नाहीत. ते समजा ४,५०० झाले, तर भरायचे १४,५००. स्टायपेंड वर्षाचा ९,९००, तोही कर कापायच्या आधी. म्हणजे खोलीभाडं आणि जेवण धरण्याआधीच ४,६०० कमी. आय-२० साठी आणि व्हिसाला जाताना पहिल्या वर्षाच्या खर्चाची सोय दाखवावी लागते, तिथे मंजूर कर्जाचं पत्रच कामी येईल.

माणदेशी: एवढा खटाटोप कशाला? गेट दे, एमटेकला महिना १२,४०० मिळतात. आमच्या पोरीनं इथेच वालचंदला केलं, घरचं जेवण, घरची माणसं.

सांगलीकर_मेक: काका, गेट नाही विचारलं मी.

वाईकर: उरलेल्यासाठी बाहेर हॉटेलात काम कर. माझा भाचा करायचा.

कृष्णाकाठ: असलं सांगू नका हो! एफ-१ वर परवानगीशिवाय कॅम्पसबाहेर काम केलं तर व्हिसाचा दर्जाच जातो. सत्र चालू असताना कॅम्पसवर एकूण २० तासांची मर्यादा आहे. म्हणजे याला आणखी १० तास, तेही लायब्ररीत किंवा मेसमध्ये जागा असली तर.

वाईकर: भाच्याचं २०-२५ वर्षांपूर्वीचं आहे. तेव्हा कुणी विचारायचं नाही.

सांगलीकर_मेक: दुसऱ्या सत्रात १० चे २० तास होतात का?

कृष्णाकाठ: कुठे होतात, कुठे नाही. ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरला आजच मेल कर: नेमणूक एका सत्राची की वर्षाची, २० तास झाले तर वेव्हर वाढतो का, उन्हाळ्यात पगार आहे का. उत्तर लेखी घे.

सांगलीकर_मेक: मेल केला. बाबांना तुमचा हिशोब दाखवला, ते अजून गप्पच आहेत. उत्तर आलं की इथेच टाकतो.