मदत हवी आहे: एकाच उत्तराला एकाने 8 दिले, दुसरीने 4, कोणाचं धरू?

भंवरकुआं_रिटर्न
नमस्कार मंडळी, इंदूरचा आहे, यूपीएससी मेन्स मराठीतून लिहिणार. इथे क्लासमध्ये कॉप्या हिंदी-इंग्रजीतच तपासतात, माझं मराठी कोणी वाचतच नाही, म्हणून आम्ही तिघं मराठीवाले रविवारी रामबागेत एकाच्या घरी बसून एकमेकांच्या कॉप्या तपासतो. परवाचा प्रश्न: "73व्या घटनादुरुस्तीतील आरक्षणामुळे ग्रामीण महिलांना प्रत्यक्ष राजकीय अधिकार मिळाले का? चिकित्सक परीक्षण करा." 15 मार्क, 250 शब्द. मी आधी गांधीजींचं ग्रामस्वराज्य आणि बलवंतराय मेहता समिती लिहिली (70 शब्द तरी गेले), मग ग्रामसभा, वित्त आयोग, मग एक-तृतीयांश आरक्षण, मग एक ओळ "मात्र काही ठिकाणी सरपंच पतीची समस्या दिसते", शेवटी शिक्षण, जनजागृती, प्रशिक्षण. एक म्हणतो मुद्दे भरपूर आहेत, 8 घे. दुसरी म्हणते प्रश्नाचं उत्तरच नाहीये, 4. तपासायचं कसं हो?

बडोद्याची_मावशी
आमची भाची जीपीएससी देतेय, तिचंही हेच, अक्षर वाईट म्हणून मार्क जातात. शाईचं पेन वापरून बघ.

भंवरकुआं_रिटर्न
मावशी, अक्षर बरं आहे माझं, भांडण मुद्द्यांवरून आहे :)

तीन_फायदे_तीन_तोटे
सोप्पं आहे भाऊ. बॅलन्स हवा. तीन मुद्दे बाजूने, तीन विरोधात, शेवटी 'सुवर्णमध्य'. तुझ्याकडे विरोधात एकच ओळ आहे म्हणून तिने कापले.

दोन_मेन्स_झालेला
अर्धं बरोबर आहे. विरोधी बाजू एका ओळीत उरकली हे खरं, पण तीन-तीन मोजून बॅलन्स होत नाही, तसं लिहिलं की वाचणाऱ्याला कळतं की ह्याने मत बनवलंच नाही.

मी कॉपी तपासताना उत्तर झाकून ठेवतो आणि आधी प्रश्नाने काय काय मागितलंय ते कागदावर लिहितो. इथे तीन गोष्टी आहेत. आरक्षणाने काय बदललं, 'प्रत्यक्ष' अधिकार मिळाले का, आणि 'चिकित्सक' म्हटलंय म्हणजे पुरावा तोलून तुझा निष्कर्ष. मग उत्तर उघडून प्रत्येक परिच्छेदापुढे समासात लिहायचं, हा कोणत्या मागणीचा. तुझे ग्रामस्वराज्य, मेहता समिती, ग्रामसभा, वित्त आयोग कशालाच लागत नाहीत. माहिती खरी आहे, पण अर्धं उत्तर रिकाम्या समासाचं झालं. तुझा मित्र मुद्दे मोजतोय, मैत्रीण मागण्या मोजतेय, फरक एवढाच.

स्पष्टतेसाठी प्रत्येक परिच्छेदाचं फक्त पहिलं वाक्य वाचून बघ. तेवढ्यावरून तुझं म्हणणं कळलं पाहिजे. तुझ्या उत्तरात तसं वाचलं तर पंचायत राजची ओळख होते, बायकांचं काय झालं ते कळत नाही.

आता बॅलन्स. सरपंच पती हा ह्या प्रश्नाचा गाभा आहे, त्याला कारण हवं: जागा राखीव झाली पण घरातली सत्ता, सहीचा कागद, ब्लॉक ऑफिसच्या फेऱ्या नवऱ्याकडेच राहिल्या, आणि सरपंचपदाचं आरक्षण पुढच्या निवडणुकीत फिरलं की ती पुन्हा उभी राहीलच असं नाही. दुसऱ्या बाजूला, बंगाल आणि राजस्थानातल्या पंचायतींवरच्या अभ्यासात प्रमुखपद बाईला राखीव असलेल्या गावांत पिण्याच्या पाण्यावर जास्त खर्च झालेला दिसला. आता तोल: "जागा मिळाली, निर्णयाचा अधिकार काही ठिकाणी मिळाला, आणि तो घरच्या सत्तेवर अवलंबून राहिला." एक बाजू जड निघाली तरी चालेल, पण ती का जड ते दिसलं पाहिजे.

आणि तुझा शेवट, शिक्षण-जनजागृती-प्रशिक्षण, हा कुठल्याही प्रश्नाखाली चिकटतो. मी असतो तर 5 दिले असते.

तीन_फायदे_तीन_तोटे
पण पाण्याचा अभ्यास वगैरे 11 मिनिटांत कोणाला आठवणार? 20 प्रश्न, 180 मिनिटं, दहावाल्यांना सात-सात दिली तर पंधरावाल्यांना अकराच उरतात.

दोन_मेन्स_झालेला
नाही आठवला तर आपल्या एमपीतलं लिही ना, पंचायतीत महिलांना 50 टक्के आरक्षण आहे, आणि तरी बैठकीत कोण बोलतं ते गावोगाव बघितलंयस. परीक्षकाला आकडा नको, आधार हवा.

भंवरकुआं_रिटर्न
आज परत लिहिलं. प्रस्तावना दोन ओळींत, 1993 ला दुरुस्ती लागू झाली आणि थेट प्रश्न. समासात मागण्या लिहून तपासलं, आता एकाचे 7, तिचे 6. पण ती म्हणते "तोल कुठे झुकतो" हे सुरुवातीलाच लिही, आणि तो म्हणतो आधी लिहिलं तर परीक्षकाला एकांगी वाटेल.

दोन_मेन्स_झालेला
मी शेवटी लिहितो. माझ्यापेक्षा जास्त मार्क काढलेली एक मैत्रीण सुरुवातीला लिहायची. ह्यावर आमचं आजवर पटलेलं नाही.

बडोद्याची_मावशी
समासाची आयडिया भाचीला पाठवली. शाईच्या पेनचं पण बघा हो.