मदत हवी आहे: प्रायव्हेट सबनेटमधील इन्स्टन्सला इंटरनेट मिळत नाही

नमस्कार मंडळी,

मडगावातील आमच्या छोट्या कार्यालयाची हॉटेल-आरक्षणाची प्रणाली एडब्ल्यूएसच्या मुंबई रीजनमध्ये चालते. तेथील प्रायव्हेट सबनेटमधील इन्स्टन्सवरून पुढील आज्ञा दिली की दहा सेकंदांनी टाइमआउट येतो.

```
curl -m 10 https://checkip.amazonaws.com
```

नॅट गेटवेची स्थिती `Available` आहे, त्याला इलॅस्टिक आयपी जोडलेला आहे आणि सबनेटच्या रूट टेबलमध्ये `0.0.0.0/0` ची नोंद त्याच `nat-` कडे जाते, म्हणून दोन दिवस मी सिक्युरिटी ग्रुपच तपासत राहिलो. काल गेटवेच्या तपशिलातील सबनेटचा आयडी पाहिला, तेव्हा गेटवेच प्रायव्हेट सबनेटमध्ये तयार केला गेल्याचे लक्षात आले. म्हणजे त्याच्याकडून निघालेल्या पॅकेटलाही तेच रूट टेबल लागू होते आणि ते `igw-` पर्यंत पोहोचतच नाही.

या टेबलमध्येच `igw-` ची नोंद केली, तर पब्लिक आयपी नसलेले आमचे इन्स्टन्स बाहेर जाऊ शकणार नाहीत. गेटवेचे सबनेट नंतर बदलता येत नसल्याने पब्लिक सबनेटमध्ये नवा गेटवे करणे भाग आहे.

अडचण अशी की पेमेंट सेवेने आमचा हाच इलॅस्टिक आयपी मान्य यादीत घेतला आहे. जुना गेटवे काढल्यावर हा पत्ता खात्यातच राहतो, असे मी समजतो. तो मोकळा होताच नव्या गेटवेला देऊन, मग `blackhole` झालेली रूटची नोंद बदलावी, हा क्रम बरोबर आहे का? कोणी प्रत्यक्ष केले असल्यास कृपया सांगावे.