रात्रीच्या फॉर्म्युल्यासाठी गरम पाण्याचं काय करता? मदत हवी आहे

आम्ही देवगडजवळ राहतो, बाळ दीड महिन्याचं आहे. डॉक्टरांनी सांगितलंय की पावडर निर्जंतुक नसते, त्यामुळे ती किमान ७० अंशांच्या पाण्यातच कालवायची आणि मग बाटली गार पाण्यात धरून कोमट करायची. रात्री दहाला उकळतं पाणी थर्मासमध्ये भरते, पण तीनला थर्मामीटर लावला तर ६२ च दाखवतो. आधी करून फ्रीजमध्ये ठेवलेलं दूध २४ तास चालतं म्हणे, पण पावसात इथे वीज रात्र रात्र नसते, म्हणून ती हिंमत होत नाही.

झोपेत चमचे मोजताना चुकायला नको म्हणून ९० मिलीचे तीन सपाट चमचे संध्याकाळीच कोरड्या डबीत काढून ठेवते. बाटलीत आधी पाणी, मग डबी रिकामी. उरलेलं दूध लगेच ओतून देते, त्याबाबत सासूबाईंचंही ऐकत नाही.

पहाटेपर्यंत ७० च्या वर राहील असा थर्मास कुणाकडे आहे का? की दर वेळी गॅसवर पाणी उकळता? आणि या दमट हवेत डबीतली पावडर ओलावा धरते का?