जोडीदार पदासाठी अर्ज : तुमचा मसुदा आणि त्यावर आलेला शेरा

ऐरोलीकर

आपल्या माणसाला हसवण्यासाठी ‘जोडीदार’ या पदाचा रीतसर अर्ज कोणी लिहिला असेल, किंवा कोणाला आला असेल, तर त्यांनी आपला अनुभव येथे लिहावा. सुरुवात मी करतो. जिला मी अर्ज लिहिला ती एका सरकारी कार्यालयाच्या आस्थापना शाखेत काम करते, त्यामुळे नमुना चुकला असता तर हसण्याआधी तिने चुकाच काढल्या असत्या. फुलस्केप कागदावर डावीकडे समास सोडून मी लिहिले :

*प्रति,*
*मा. नियुक्ती प्राधिकारी,*
*खिडकीजवळील आसन, ठाणे–पनवेल लोकल.*

*विषय : जोडीदार या रिक्त पदावर नियुक्ती मिळणेबाबत.*
*संदर्भ : ‘कोणी बरा मिळाला तर बघू’ हे आपले तलावपाळीवरील तोंडी विधान.*

*महोदया,*
*उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, आपल्या डब्यातील कोबीची भाजी संपवण्याचे काम मी गेली 3 वर्षे विनावेतन व विनातक्रार करीत आहे. सबब, सदर सेवा अनुभव म्हणून ग्राह्य धरावी, ही विनंती.*

*आपला विश्वासू*

*सहपत्र : 1) गेल्या पावसाळ्यात नेलेली छत्री परत केल्याची पोच.*

दुसऱ्या दिवशी घणसोली येईपर्यंत ती काहीच बोलली नाही, आणि मग तिने पर्समधून तोच कागद काढून माझ्या हातात दिला. समासात लाल शाईने शेरा होता : ‘सहपत्र 1 जोडलेले नाही. छत्री अद्याप अप्राप्त. त्रुटीपूर्तता करून अर्ज फेरसादर करावा.’ छत्री मी त्याच संध्याकाळी पोहोचवली. त्यानंतरचा शेरा असा होता : ‘निव्वळ तात्पुरत्या स्वरूपात, 11 महिन्यांसाठी रुजू करून घ्यावे.’

निवृत्त लिपिक, कळवा

माझा जन्म अशा अर्जांवर शेरे मारण्यात गेला, म्हणून सांगतो की तुमचा अर्ज ‘संदर्भ’ या ओळीने तारला. बाकी मजकूर कोणीही रचू शकतो, परंतु संदर्भात समोरच्याच माणसाचे खरे वाक्य कार्यालयीन थाटात आले की त्याला हसू आवरत नाही.

आमच्या कार्यालयातील एका तरुणाने असाच मसुदा मला तपासायला दिला होता. त्यात ‘मी प्रामाणिक, प्रेमळ व मनमिळाऊ आहे’ असे लिहिले होते, आणि तिसऱ्या परिच्छेदात ‘माझे तुझ्यावर मनापासून प्रेम आहे’ असे वाक्य अचानक आले होते. विशेषणांमुळे तो अर्ज खऱ्या नोकरीचा वाटत होता, आणि त्या एका वाक्यापाशी वाचणारीला हसावे की उत्तर द्यावे हेच कळले नसते. मी दोन्ही काढून टाकले. मुलगी नेरूळची आणि हा कळव्याचा, म्हणून त्याऐवजी ‘दर रविवारी मुख्यालय सोडावे लागत असले तरी प्रवास भत्त्याची मागणी करणार नाही’ एवढेच घातले. सांगायचे होते ते सगळे त्यात आले.

खारी-बिस्कीट

शेवटी ‘आपला विश्वासू’ हे चूक आहे. अर्जात नेहमी ‘आपला आज्ञाधारक’ असेच लिहितात, आम्हाला शाळेत तसेच शिकवले आहे.

निवृत्त लिपिक, कळवा

आज्ञाधारक हा मुख्याध्यापकांना सुट्टी मागणारा विद्यार्थी असतो. नोकरीच्या अर्जाखाली विश्वासूच लिहितात.

खारी-बिस्कीट

असेल तसे, परंतु माझ्या नवऱ्याने ‘आपला आज्ञाधारक’ लिहिले होते आणि मी नेमकी तिथेच हसले. त्यामुळे माझे मत कायम आहे.

कोपरीच्या मावशी

माझ्या भाच्यासाठी असा नमुना कोणी पाठवेल का? त्यात पत्रिका, गोत्र आणि मामाचे गाव यांचे रकाने असावेत. पगार लिहावा की ‘उत्तम’ असे लिहून सोडून द्यावे?

सीवूड्सवाली

मावशी, येथे विषय थट्टेच्या अर्जाचा आहे, स्थळाच्या माहितीपत्रकाचा नाही.

मला असा अर्ज आला होता, परंतु तो त्याने आठ मित्रमैत्रिणींसमोर उभे राहून वाचून दाखवला. मसुदा खरोखरच उत्तम होता, ‘परिविक्षा कालावधीत भांडी घासण्याची तयारी आहे’ या वाक्यावर मीही मनापासून हसले. नंतर मात्र सगळे माझ्या तोंडाकडे बघू लागले, आणि अर्ज थट्टेचा असला तरी उत्तर खरे द्यायचे होते. मी ‘विचाराधीन’ म्हणून वेळ मारून नेली आणि घरी जाऊन रडले. ‘नकाराचे कारण कळविण्याची आवश्यकता नाही’ एवढे एक वाक्य त्यात असते आणि तो कागद मला एकटीला दिला असता, तर कदाचित उत्तर वेगळे आले असते. कदाचित तेच आले असते.

ऐरोलीकर

हे वाक्य माझ्या अर्जातही नव्हते, हे आता लक्षात आले. माझे 11 महिने पुढच्या महिन्यात संपत आहेत, म्हणून मुदतवाढीच्या अर्जात ते नक्की घालतो.

निवृत्त लिपिक, कळवा

मुदतवाढीपूर्वी एक दिवसाचा तांत्रिक खंड देण्याची पद्धत आहे, तेवढे लक्षात असू द्यावे.

ऐरोलीकर

आपला प्रतिसाद तिला दाखवला. तिने खंडाचा दिवस म्हणून माझ्या वाढदिवसाचीच तारीख टाकली आहे. हरकत घ्यायची मुदत उद्या संध्याकाळपर्यंत आहे.