मदत हवी आहे: कुत्र्याच्या किरकोळ दिसणाऱ्या ओरखड्याची छायाचित्रे

तासगावजवळच्या आमच्या गावासाठी मी कुत्रा, उंदीर आणि किडा चावल्याच्या जखमांच्या छायाचित्रांचा फलक तयार करत आहे. अडचण अशी की, गांधीलमाशीने सुजलेला हात सर्वांत भयंकर दिसतो, तर कुत्र्याच्या दाताचा पोटरीवरचा बारीक ओरखडा किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात रक्त आलेला असा ओरखडा रेबीजच्या तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर श्रेणीत मोडतो आणि तो साबण-पाण्याने 15 मिनिटे धुऊन, त्याच दिवशी लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही घ्यावे लागते. उंदराच्या चाव्यानंतर काही दिवसांनी येणारा ताप किंवा गांधीलमाशीच्या दंशानंतर लागणारी धाप तर छायाचित्रात दिसतच नाही, म्हणून ती मी शब्दांत लिहिणार आहे. सांगलीतील डॉक्टर किंवा परिचारिकांपैकी कोणी अशा ओरखड्याची स्पष्ट छायाचित्रे, रुग्णाच्या संमतीने आणि चेहरा न दाखवता, देऊ शकेल का?