घरपट्टीवर वारसांची नावे लावताना

> 'वडील वारले, पण घरपट्टी अजून त्यांच्याच नावाने येते. बेळगाव महानगरपालिकेला नाव दुरुस्तीचा अर्ज कसा लिहू?'

अर्जाच्या विषयात 'नाव दुरुस्ती' लिहू नका. तो शब्द अक्षरांच्या चुकीसाठी वापरतात. बिलावरचं नाव खात्यातून, म्हणजे महापालिकेच्या मिळकत नोंदीतून येतं, म्हणून 'वारसाने खाते बदल' असं लिहा. अर्ज महसूल विभागाकडे, शक्यतो कन्नडमध्ये द्या. वर मिळकतीचा ओळख क्रमांक, म्हणजे पीआयडी, लिहा. मजकूर साधारण असा:

'वरील पीआयडी क्रमांकाची मिळकत माझ्या वडिलांच्या नावे आहे. त्यांचे निधन झाले असून मागे आई, मी व माझी विवाहित बहीण असे तीन वारस आहेत. तिघांची नावे खात्यावर लावून पुढील बिल त्याप्रमाणे द्यावे.'

सोबत मृत्यू दाखला, नाडकचेरीतून मिळालेली वंशावळ, चालू घरपट्टीची पावती आणि खात्याचा जुना उतारा जोडा.

आता बहिणीचं. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे, वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल तर त्यांच्या वाट्यात आई, मुलगा आणि मुलगी यांचा हक्क सारखाच असतो. तिचं लग्न झालं म्हणून तिला वगळून अर्ज करू नका, ते मला अन्यायाचंच वाटतं. तिला स्वखुशीने हिस्सा सोडायचा असेल तर उपनिबंधकाकडे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करा. स्टॅम्प पेपरवरच्या नुसत्या संमतीने हिस्सा जात नाही.

कन्नड नोंदीत आपल्या आडनावाची अक्षरं बदललेली असतात. मृत्यू दाखला आणि खातं यांत फरक असेल तर 'दोन्ही नावे एकाच व्यक्तीची' असं प्रतिज्ञापत्र आधीच लावा. शिक्क्याची पोच घ्या. सिटी सर्व्हेच्या प्रॉपर्टी कार्डावर मात्र वेगळा अर्ज लागतो.